पाठ टेकता येईल असा बाक

देवांना डोंगराच्या टोकावर नेऊन बसवणाऱ्यांनो, तुमचे गुडघे कधी दुखले नसावेत. पायऱ्या बांधल्यात, पायरीपायरीवर देणगीदारांची नावं कोरलीत, वर पोचल्याबरोबर नजरेत भरेल अशी दानपेटी ठेवलीत; पण जन्मभर नवस बोलून सत्तरीत कशीबशी वर आलेली बाई हुश्श करून टेकणार कुठे, याचा विचार तुमच्या बैठकीत कधी झाला नाही. बैठकीत तुम्हाला खुर्च्या होत्या ना?

यात्रेच्या पोस्टची सुरुवात उर्वशीनं अशी केली होती. तिच्या नवऱ्यानं, अंकितनं, ती वाचली आणि चहाचा कप खाली ठेवला.

"ही जाहिरात आहे का फिर्याद?"

"खरं आहे ते."

"खरं असेल. पण त्याच ट्रस्टवाल्यांच्या खोल्यांत आपण उतरणार आहोत. मिटव."

उर्वशीनं फोनवरून ते मिटवलं. डोक्यातून मिटवायची तिला सवय नव्हती.

देवासला टेकडीच्या पायथ्याशी, नारळवाल्यांच्या रांगेमागे तिचा एक छोटा गाळा होता. वर पाटी होती, 'शितोळे यात्रा, फक्त ज्येष्ठांसाठी.' माहेरी तिचं सगळं शिक्षण हिंदीत झालं होतं. मराठी लिहायला ती शिकली सासरी येऊन, सासऱ्यांच्या मागे लागून लागून. म्हणून तिच्या मराठीला शाळेची शिस्त नव्हती. स्वयंपाकघरातल्या पोळपाटासारखं ते जिथं ठेवलं तिथं आवाज करायचं. पोस्ट मात्र ती दोन लिहायची. एक मराठीत, एक हिंदीत. धारला काय नि देवासला काय, मराठी घरांत आता देवाला जायचं म्हणतात आई-बाप आणि मोबाइलमधून पैसे पाठवतात मुलं. आई-बापांना हिंदीत देव भेटत नाही आणि मुलांना मराठी वाचवत नाही. तेव्हा मराठी पोस्ट जाणाऱ्यांसाठी, हिंदी पोस्ट धाडणाऱ्यांसाठी.

या धंद्यात ती पडली त्याला कारण तिची सासू, इंदू. घरातल्या जुन्या रीतीप्रमाणे उर्वशी तिला आत्याबाई म्हणायची. शितोळ्यांचं कुलदैवत कळमगडची कळमाई. सेंधव्याचा घाट उतरून खानदेशात गेलं की आडबाजूला तिचा गड लागतो. आत्याबाईंनी एकदा कुठल्याशा यात्रा कंपनीची 'सर्व सुविधायुक्त' जाहिरात वाचली आणि हौसेनं नाव नोंदवलं. सर्व सुविधांत पायऱ्यांचा उल्लेख नव्हता. गरम पाणी होतं, पण ते अंगणातल्या चुलीवर, आणि खोली होती तिसऱ्या मजल्यावर. गडाच्या पायथ्याशी आत्याबाईंनी वर पाहिलं, गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या, मी बसते गाडीत." कुणीतरी आणलेला प्रसाद पदराला बांधून त्या परतल्या. पुढच्या संक्रांतीला त्या नव्हत्या. बायको खाली राहिली म्हणून नवरा, गोपाळरावही, त्या वेळी वर गेला नव्हता. तिच्याशेजारी गाडीत बसून राहिला होता.

म्हणून उर्वशीचा एक नियम होता. पोस्ट लिहिण्याआधी ती सासऱ्यांना घेऊन तोच रस्ता, तीच धर्मशाळा, तेच देऊळ करून यायची. तिचे मामंजी हेच तिचं मोजमाप. कालवा खात्यातून निवृत्त झालेला, ऐंशीला टेकलेला, दोन्ही गुडघ्यांनी गेलेला हा माणूस जिथं बसेल, उठेल, वाकेल, तेवढंच पोस्टमध्ये जायचं. कमोडच्या शेजारी धरायला दांडी आहे का, हे ते धरून पाहायचे. गादी इतकी मऊ तर नाही ना की उठताना बुडायला होतं, हे ते बुडून पाहायचे. गाडीची पहिली पायरी उंच निघाली तर उर्वशी पोस्टमध्ये लिहायची, 'पायरी उंच आहे, आम्ही लाकडी स्टूल सोबत ठेवतो.' चाकावरची सीट ती कुणालाच विकायची नाही. तिथं पाय गुडघ्यात मुडपून बसावं लागतं, तिथं सामान.

"गावातले लोक मला काय म्हणतात ठाऊक आहे?" मामंजी कधी कधी विचारायचे. "म्हणतात, गोपाळरावाच्या ढुंगणावर सुनेचा धंदा चालतो."

"चुकीचं काय आहे त्यात?" उर्वशी म्हणायची.

मार्गशीर्षात दोघं कळमगडला गेली होती. सकाळची वेळ, दरीतून धुकं वर येत होतं, आणि भक्तनिवासाचा मॅनेजर तळमजल्याच्या खोल्या द्यायला कां कूं करत होता. उर्वशी त्याच्याशी हुज्जत घालत खाली अडकली. मामंजींची डोली पुढं गेली. चार भोई, वर एक शाल, शालीत मामंजी. धुक्यात शिरताना ती डोली पाण्यावरून चालल्यासारखी दिसली. मॅनेजरनं खोल्या कबूल केल्या तोवर डोली परत खाली आली होती. आणि मामंजींचा चेहरा असा काही झाला होता की उर्वशीनं दोन क्षण त्यांना ओळखलंच नाही. दिवाळीला अभ्यंग करून पाटावर बसलेल्या लहान मुलासारखा.

"झालं दर्शन?"

"झालं. सूनबाई, लिहून घे. देवळामागं पिंपळ आहे. पिंपळाखाली दगडी बाक. पाठ असलेला. बसल्यावर पाय जमिनीला टेकतात, लोंबकळत नाहीत. दगड उन्हानं तापलेला, पण चटका नाही. पाठीला असा लागतो की कुणी मागून हात ठेवावा."

गाडी थांबलेली, दुपार होत आली होती, ड्रायव्हर उजेडात घाट चढायचाय म्हणून ओरडत होता. परत वर जायला वेळ नव्हता. शिवाय, ज्यावर मामंजी बसून आले त्याची तपासणी आपण काय करायची? इथंच तिचं चुकलं. दुसरं कुणी म्हणालं असतं तर ती चढून गेली असती.

पोस्ट माघात निघाली. देवांना डोंगरावर बसवणाऱ्यांची फिर्याद गेली होती, पण बाकी सगळं उर्वशीच्या हातचं होतं.

'कळमाईला येणार का? आधी हे वाचा, मग ठरवा. गाडी देवासहून निघेल, धारला येईल, गुजरीवरून मोठ्या रस्त्याला लागेल. दर दीड तासाला थांबेल, तुम्ही मागा अगर मागू नका. खोल्या तळमजल्यावर, दोघांत एक, कमोड आहे, शेजारी धरायला दांडी आहे. एकट्याला वेगळी खोली हवी असेल तर जास्त पैसे पडतात, ते खाली लिहिले आहेत. लिहिलेला दर जीएसटी धरून आहे. गाडीत बसल्यावर एक रुपया वाढणार नाही. ड्रायव्हरच्या बक्षिसासाठी डबा फिरणार नाही. डोलीचे पैसे यात नाहीत. ते भोयांना थेट द्यायचे, दर लिहून दिला आहे, त्यात आमचं काही नाही. व्हीआयपी दर्शन आम्ही देत नाही. जो देतो म्हणतो त्याला विचारा, कसं. नाव काढायचं असेल तर कधी काढल्यास किती कापले जातील ते खाली आहे. न कळल्यास फोन करा, रागावणार नाही.'

आणि शेवटी: 'वर देवळामागे पिंपळाखाली पाठ असलेला दगडी बाक आहे. बसल्यावर पाय जमिनीला टेकतात. आमच्या गोपाळरावांनी बसून पाहिला आहे.'

जीएसटीबद्दल कुणी विचारलं नाही. दांडीबद्दल दोघींनी विचारलं. बाक मात्र लोकांच्या मनात जाऊन बसला.

दुपारी जेवणं झाल्यावर, डोळ्यांवर झापड असताना, उशीजवळच्या मोबाइलमधून ती पोस्ट एका घरातून दुसऱ्या घरात गेली. देवासच्या जुन्या गल्ल्यांतून, धारच्या तळ्याकाठच्या घरांतून म्हातारी माणसं डोळे मिटून त्या बाकावर जाऊन बसू लागली. कुणाला तिथून तापी दिसली. कुणाला पिंपळाच्या पानांचा आवाज आला. एका आजीनं यात्रेच्या ग्रुपवर विचारलं की बाक सावलीत असतो का सकाळी, कारण त्यांना ऊन लागतं. धारचे हंबीरराव, माजी हेडमास्तर, त्यांनी तर ग्रुपवर लिहूनच टाकलं: 'मी बसलो आहे त्या बाकावर. लग्नाच्या वर्षी. दरी उजव्या हाताला राहते.' त्यावर सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. वसंत पंचमीच्या आत गाडी भरली. असं कधी झालं नव्हतं.

अंकित म्हणाला, "बघ. फिर्याद काढली म्हणून भरली."

"बाकामुळं भरली," उर्वशी म्हणाली. आणि हे म्हणताना तिला उगीच भरून आलं, कारण तिला आत्याबाई आठवल्या.

मग धारहून धीरजचा फोन आला. धीरज मोहिते, त्याची आई कमलताई नाव नोंदवलेल्यांत होती. मणक्याचं ऑपरेशन झालेलं, डोलीत हिंदकळणं तिला सोसत नव्हतं. एकेक पायरी थांबत थांबत ती स्वतःच्या पायांनी चढणार होती, कारण वर पाठ टेकायला जागा होती. घरच्यांनी डॉक्टरला विचारलं. डॉक्टर म्हणाले, वर पोचल्यावर निदान अर्धा तास पाठीला आधार देऊन बसता येत असेल तर जा. नसेल तर नको.

"दीदी, बस एक फोटो भेज दो उस बेंच का," धीरज म्हणाला. "डॉक्टर को दिखाना है. मम्मी तो सपने में भी वहीं बैठी है."

उर्वशी फोनमध्ये शोधत बसली. दांडीचा फोटो होता. गादीचा होता. स्टूलचा, चाकावरच्या सीटचा, पायऱ्यांच्या कठड्याचा होता. बाकाचा नव्हता. असणार कुठून; ती खाली होती. तिनं भोयांच्या मुकादमाला, विठोबाला, फोन लावला. डोलीचा दर पोस्टमध्ये छापण्याआधी त्याच्याकडूनच पक्का करून घेतला होता, म्हणून नंबर होता.

"विठोबादादा, देवळामागच्या बाकाचा एक फोटो काढून पाठवता का?"

"कुठला बाक, ताई?"

"पिंपळाखालचा. पाठवाला."

विठोबाच्या मागं वारा होता.

"देवळामागं दरी हाय, ताई. कठडा हाय लोखंडी. पिंपळ न्हाई, बाक बी न्हाई. कोन बोललं तुमाला?"

"आमचे मामंजी बसून आले ना. मार्गशीर्षात. तुम्हीच नेलं होतंत."

"ते शालवाले बाबा?" विठोबाचा आवाज एकदम मऊ झाला. "ताई, बाबा तर झोपलेले. निम्म्या वाटेतच डोळा लागला त्यांचा. देवीसमोर डोली ठेवली, हाका मारल्या दोन. असे हसत होते झोपेत की उठवायला जीव झाला न्हाई. पुजाऱ्यानं अंगारा लावला, तशेच खाली आणले. पार खाली आल्यावर जागे झाले. आमी म्हनलं, जाऊ द्या, झालंच की दर्शन."

उर्वशीनं फोन ठेवला. गाळ्याबाहेर टेकडीवर जाणाऱ्या लोकांचे पाय दिसत होते, आणि ते पाय जमिनीला लागत नाहीत असं तिला वाटत होतं.

मग तिला राहवेना. तिनं हंबीररावांना विचारलं. हंबीरराव चिडले. "बसलोय म्हणजे बसलोय. मंडळी सोबत होती. तिनं तिथं दशम्यांची शिदोरी सोडली होती. तुमचा तो हमाल काल जन्मला असेल."

विठोबाचे वडीलही त्याच गडावर भोई होते. पण हे हंबीररावांना सांगून उपयोग नव्हता.

संध्याकाळी कारखान्यातून आल्यावर अंकितनं सगळं ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता; फक्त त्याला प्रत्येक गोष्टीत एक पाना कमी पडलाय असं वाटायचं.

"खुर्ची नेऊ या एक. प्लास्टिकची. गाडीवर बांधून. वर न्यायला भोयाला पैसे देऊ. कमलताई बसतील, फोटो काढतील. झालं."

"पोस्टमध्ये बाक आहे."

"अरे यार, कोण पोस्ट घेऊन वर चढणार आहे?"

"आत्याबाई जाहिरात वाचूनच गेल्या होत्या," उर्वशी म्हणाली. "त्या कंपनीनंही हेच म्हटलं असेल."

अंकित हळूच म्हणाला, "दुरुस्ती टाकलीस तर बाबांना कळेल. त्यांनी देवी पाहिलीच नाही, हे कळेल. रोज संध्याकाळी दिवा लावताना ते तिचं रूप सांगतात आपल्या चिऊला. नथ कशी, मळवट कसा. हे तू त्यांच्याकडून काढून घेणार? सगळ्या ग्रुपसमोर?"

खरी गोष्ट होती. बाकाची दुरुस्ती म्हणजे मामंजींच्या दर्शनाची दुरुस्ती. 'आमच्या गोपाळरावांनी बसून पाहिला आहे' हे वाक्य तिनंच लिहिलं होतं, आणि ते मागं घेताना पहिला उघडा पडणारा माणूस तोच होता ज्याच्या भरवशावर ती आजवर खरं लिहीत आली होती.

तिनं ट्रस्टला फोन करून पाहिला. बाक बसवायचा आहे, आम्ही देतो, गाडी जायच्या आत बसवू द्या. पलीकडच्या गृहस्थानं सांगितलं की बाकासाठी अर्ज करावा लागेल, अर्ज बैठकीत जाईल, बैठक यात्रेनंतर होईल. पायरी दान करायची असेल तर मात्र लगेच होते. तिनं विचारलं, पायरीवर पाठ टेकता येते का. त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती धारला गेली. फोनवर सांगायची ही गोष्ट नव्हती. इंदूरला गाडी बदलली, गंगवाल स्टँडवरून धारची बस धरली. घाटाबिल्लोदच्या पुढं गव्हाची शेतं सुरू झाली आणि तिला खिडकीशी गुंगी आली. त्या गुंगीत तिला तो पिंपळ स्पष्ट दिसला. इतका स्पष्ट, की जागी झाल्यावर तिला स्वतःचाच राग आला. नसलेल्या झाडाची सावली माणसाला इतकी गार का लागावी?

कमलताई ओसरीवर खाटेला उशा लावून बसल्या होत्या. हडकुळ्या, ताठ, कानात जुन्या घडणीच्या कुड्या. धीरज कामावर गेला होता. उर्वशीनं पाणीही न घेता सगळं सांगितलं. बाक नाही हे सांगितलं. मामंजी झोपले होते हेही सांगितलं.

कमलताईंनी अंगणातल्या तारेवर वाळणाऱ्या लुगड्याकडं पाहिलं.

"म्हणजे मी इतके दिवस कुठं बसत होते गं?" त्या म्हणाल्या. मग हसल्या. "रोज दुपारी बसत होते. पाठ दुखली की जाऊन बसायची."

"मावशी, तुमचे सगळे पैसे परत. एक पैसा कापणार नाही. चूक माझी आहे."

"पैशाचं धीरजशी बोल. मला हे सांग, बाकीच्यांना सांगितलंस?"

"नाही अजून."

"मग मला एकटीला कानात सांगून तू मोकळी होणार? त्या ऊन लागणाऱ्या आजी येतायत ना? त्या वर जाऊन दरीच्या कठड्याला टेकणार?"

उर्वशीनं मघाचं पाणी आता घेतलं.

"इंदूला मी ओळखत होते," कमलताई म्हणाल्या. "हळदीकुंकवाला भेटायची, नात्यात कुणाकडं. ती गाडीत बसून राहिली तेव्हा तुझा सासराही वर गेला नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. बायका बोलतात. असा नवरा पाहिजे म्हणतात. त्या माणसाला तू फोनवरच्या पोस्टमधून कळू देऊ नकोस. आधी घरी सांग. तोंडानं सांग. मग पोस्ट टाक, सगळ्यांना दिसेल अशी. बारीक अक्षरात नको."

"त्यांना फार लागेल, मावशी."

"लागेल की. आम्ही म्हातारे आहोत, काचेचे नाही. आमच्यासाठी कमोडला दांडी शोधत फिरतेस, आणि खरं धरायला देत नाहीस?"

त्या यात्रेला येणार की नाही, हे त्यांनी सांगितलं नाही. निघताना उर्वशीच्या ओटीत त्यांनी मूठभर हरभरे टाकले, शेतातून आलेले, हिरवे.

परतीच्या बसमध्ये तिनं दुरुस्ती लिहिली. तीनदा लिहिली. पहिल्यांदा फार शब्द झाले. दुसऱ्यांदा सगळा दोष ट्रस्टवर गेला, तो मिटवला. ट्रस्टनं बाक ठेवला नाही हा ट्रस्टचा दोष, पण आहे म्हणून लिहिलं तो तिचा. तिसऱ्यांदा राहिलं ते असं: 'कळमगडावर देवळामागे बाक नाही, पिंपळ नाही. दरी आणि लोखंडी कठडा आहे. वर पाठ टेकून बसायला सोय नाही. आम्ही आहे असं लिहिलं होतं, ते नजरचुकीनं. ज्यांना आता यायचं नसेल त्यांचे पूर्ण पैसे परत, कधीही नाव काढा, आधीच्या पोस्टमधल्या अटी लागू नाहीत. खुर्ची न्यायचा प्रयत्न करू, पण मिळेलच असं म्हणत नाही.'

घरी पोचली तेव्हा दिवस कलला होता. मामंजी मागच्या अंगणात, सीताफळाच्या झाडाखाली बाजेवर बसून होते. डोळे मिटलेले. ओठ हलत होते. चिऊ, तिची मुलगी, शेजारी बसून देवीचं चित्र काढत होती. नथ चेहऱ्यापेक्षा मोठी झाली होती. उर्वशीनं तिला आत पाठवलं आणि बाजेच्या कडेला बसली.

"मामंजी."

"बोल. ऐकतोय."

तिनं सांगितलं. विठोबाचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, हाका मारल्या ते, हसत होते ते, अंगारा ते. मामंजींनी डोळे उघडले नाहीत. फक्त मधेच त्यांचा हात बाजेची कड धरू लागला, दांडी धरून पाहतात तसा.

"काय लिहिलंस ते वाच."

तिनं वाचलं.

"'नजरचुकीनं' काढ," ते म्हणाले.

"का?"

"कुणाची नजर चुकली? तुझी तिथं नव्हती, माझी मिटलेली होती. खोटं लिहू नकोस. लिही, आमचे गोपाळराव झोपले होते."

"मामंजी, लोक..."

"लोकांचं राहू दे. कालव्यावर होतो मी. पाणी आलं नाही तर आलं नाही म्हणायचं, शेतकरी शिव्या देतात, देऊ देत. लिही."

तिनं लिहिलं. त्यांनी चष्मा लावून ते वाचलं, ओठ हलवत, अक्षर न अक्षर. एक ऱ्हस्व दीर्घ करायला लावला. मग म्हणाले, "टाक."

तिनं पोस्ट टाकली. मराठीत आधी, हिंदीत नंतर. सीताफळावर एक बुलबुल येऊन बसला. थोड्या वेळानं फोन वाजू लागला, एकामागून एक. कुणी नाव काढत होतं, कुणी नुसतं 'अरेरे', कुणी दुसरं काही. हंबीररावांनी लिहिलं, 'असहमत.' उर्वशीनं फोन पालथा ठेवला. गाडी निम्मी रिकामी होईल, हे तिला दिसत होतं, आणि ते तिला आत्ता फार दूरचं वाटत होतं.

मामंजींनी पाय बाजेवरून खाली सोडले. बाज उंच होती. पाय जमिनीला टेकले नाहीत.

"एक सांगितलं नव्हतं तुला," ते म्हणाले. "पोस्टमध्ये टाकण्यासारखं नव्हतं म्हणून. मी एकटा नव्हतो बसलेलो. इंदू होती. डाव्या हाताला. लुगडं तेच, अंजिरी. मी तिला म्हणालो, आलीस होय. ती म्हणाली, मग काय खालीच राहू. मला वाटलं होतं, जागेपणी भेटली. तो दगड अजून माझ्या पाठीला लागतोय, सूनबाई. हे बघ, इथं."

उर्वशीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. सदरा उबदार होता.

"बाक नाही तर नाही. पण मग मी टेकलो होतो कशाला?" त्यांनी मान वळवून तिच्याकडं पाहिलं. डोळे कोरडे, स्वच्छ, हिशोब मागणाऱ्या माणसाचे. "आणि तिला तर पायऱ्या चढवत नव्हत्या. तुझ्या विठोबानं तिला नेली नाही, ट्रस्टनं नेली नाही, मी नेली नाही. ती वर आली कशी? गप्प नको बसूस. तू सगळं विचारून लिहितेस ना? मी विचारतोय. सांग."